व्हिसा आला, पण कामाचा परवाना कुठे आहे?

'मुलाचा व्हिसा आला, पुढच्या आठवड्यात तो दुबईला जाणार,' हे वाक्य वसईच्या गावांत, मुंबईच्या उपनगरांत आणि गोव्यात गेली अनेक वर्षे आपण ऐकत आलो आहोत. बोलणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ असतो, की नोकरी पक्की झाली. प्रत्यक्षात त्या वाक्यातून एवढेच कळते, की एका देशाने एका परकीय माणसाला आपल्या दारातून आत येण्यास अनुमती दिली आहे. आत आल्यावर त्याने तेथे काम करावे की नाही, कोणाकडे करावे आणि किती काळ करावे, या प्रश्नांचे उत्तर त्या कागदात असेलच असे नाही. परदेशी नोकरीच्या व्यवहारात जी फसवणूक होते, तिचा मोठा भाग याच गैरसमजावर उभा असतो. म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि कामाचा परवाना हे तीन कागद कोण देतो आणि कशासाठी देतो, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. देशोदेशीचे नियम वेगवेगळे आहेत. येथे आपण आपल्याकडील लोक मोठ्या संख्येने जातात त्या संयुक्त अरब अमिरातीचे, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा आदींचे उदाहरण घेणार आहोत.

तीन कागद, तीन सत्ता

पासपोर्ट आपल्याला आपले सरकार देते. हा माणूस भारताचा नागरिक आहे, त्याचे नाव, जन्मतारीख व छायाचित्र हे आहे आणि तो परत आल्यास भारत त्याला स्वीकारील, एवढेच पासपोर्ट जगाला सांगतो. कोणत्याही परक्या देशात शिरण्याचा वा काम करण्याचा अधिकार तो देत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 1967 च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असते. ज्याच्या नावावर तो आहे त्याच्याकडे तो केवळ वापरासाठी असतो. साहजिकच परदेशातील मालकाला तो तारण म्हणून ठेवून घेण्याचा काहीही हक्क नाही.

व्हिसा देतो तो ज्या देशात जायचे त्या देशाचा इमिग्रेशन विभाग. अमिरातीत हे काम ओळख व नागरिकत्वविषयक संघीय प्राधिकरणाकडे आणि दुबईपुरते तेथील स्वतंत्र इमिग्रेशन संचालनालयाकडे आहे. व्हिसावर येण्याचा हेतू नोंदलेला असतो. पर्यटन, नातेवाइकांची भेट, शिक्षण, नोकरी असे त्याचे प्रकार आहेत. पर्यटन व भेटीचा व्हिसा बहुधा 30 किंवा 60 दिवसांचा असतो. त्या मुदतीत फिरावे, नातेवाइकांकडे राहावे, नोकरीसाठी मुलाखतीही द्याव्यात, परंतु काम करता येत नाही. पदवीधरांसाठी 2022 पासून नोकरी शोधण्याचा वेगळा व्हिसाही तेथे सुरू झाला आहे. त्यावरही नोकरी शोधता येते, सुरू करता येत नाही.

तिसरा कागद, म्हणजे कामाचा परवाना, देते ते तेथील मनुष्यबळ मंत्रालय. मुक्त व्यापार क्षेत्रातील कंपनी असेल तर त्या क्षेत्राचे प्राधिकरण तो देते. या परवान्यात तीन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असतात: विशिष्ट कामगार, विशिष्ट मालक आणि विशिष्ट काम. म्हणून हा परवाना 'अमिरातीत काम करण्याची मुभा' नव्हे, तर 'या कंपनीत या हुद्द्यावर काम करण्याची मुभा' होय. त्याच परवान्यावर दुसऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन राबणे हेदेखील नियमबाह्य ठरते, मग आपल्या मालकानेच तेथे 'उसने' पाठविलेले का असेना.

थोडक्यात, 'तू कोण?' याचे उत्तर पासपोर्ट देतो, 'आत येऊ का?' याचे उत्तर व्हिसा देतो आणि 'येथे काम करू का, कोणाकडे करू?' याचे उत्तर परवाना देतो. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

रीतसर वाट कशी असते

ही वाट क्रमाने पाहिली, म्हणजे आडवाट ओळखणे सोपे जाते. आरंभ होतो मालकाकडून. अमिरातीतील कंपनी प्रथम मंत्रालयाच्या नमुन्यातील नोकरीचा प्रस्ताव, ज्याला आपण ऑफर लेटर म्हणतो, तयार करते. हुद्दा, मूळ वेतन, भत्ते, कामाचे तास, रजा हे सर्व त्यात लिहिलेले असते. तो अरबी व इंग्रजीबरोबरच कामगाराला समजणाऱ्या भाषेतही द्यावा लागतो आणि त्यासाठी ठरविलेल्या भाषांत हिंदीचा समावेश आहे. 2016 पासून असा नियम आहे, की पुढे होणारा करार या प्रस्तावाशी जुळलाच पाहिजे, त्यातील अटी कामगाराच्या नुकसानीला कारण होतील अशा बदलता येत नाहीत. म्हणून न वाचता सही करण्याचा हा कागद नव्हे. तिकडे गेल्यावर वेतनाचा वाद उद्भवला, तर हाच कागद साक्षीला उभा राहतो.

कामगाराने सही केल्यावर मालक मंत्रालयाकडून परवान्याची मंजुरी घेतो आणि त्या आधारावर इमिग्रेशन विभाग नोकरीसाठीचा प्रवेश परवाना देतो. यालाच आपल्याकडे 'एम्प्लॉयमेंट व्हिसा' म्हणतात. तो साधारणतः 60 दिवस प्रवेशासाठी वैध असतो. तेथे उतरल्यानंतर वैद्यकीय तपासणी होते, बोटांचे ठसे घेतले जातात, करार नोंदविला जातो आणि मग निवासाचा परवाना मिळतो. पूर्वी याचा स्टिकर पासपोर्टवर चिकटवीत असत. 2022 पासून ते बंद होऊन 'एमिरेट्स आयडी' हे ओळखपत्रच निवासाचा पुरावा मानले जाते. म्हणून आज पासपोर्टवर स्टिकर नाही, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. मात्र काही महिने लोटूनही ओळखपत्र हाती आले नसेल, तर काहीतरी अडले आहे असे खुशाल समजावे.

या सर्व प्रक्रियेचा खर्च कोणी करावयाचा? अमिरातीचा 2021 चा श्रम कायदा, जो फेब्रुवारी 2022 पासून अमलात आला, स्पष्ट सांगतो की भरतीचा व नेमणुकीचा खर्च मालकाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामगाराकडून वसूल करता कामा नये. याच कायद्याने कामगाराची अधिकृत कागदपत्रे अडकवून ठेवण्यासही मनाई केली आहे.

आपल्या सरकारचे चौथे दार

येथवर दोन देशांच्या तीन कागदांचा विचार झाला. परंतु अनेकांच्या बाबतीत भारत सोडण्यापूर्वी आणखी एक दार ओलांडावे लागते. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार ज्यांचे शिक्षण दहावी उत्तीर्ण इतकेही नाही, त्यांच्या पासपोर्टवर सामान्यतः 'ईसीआर' अशी नोंद असते. अशा व्यक्तीला संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन यांसह 18 देशांत नोकरीसाठी जायचे असेल, तर उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. दहावी उत्तीर्ण झालेले, आयकर भरणारे, पन्नाशी ओलांडलेले अशा काही वर्गांना ही मंजुरी लागत नाही. पासपोर्टवर अशी नोंद असून नंतर दहावी उत्तीर्ण झालेल्याने पासपोर्ट नव्याने काढून ती नोंद हटवून घ्यावी.

ही मंजुरी म्हणजे निव्वळ सरकारी अडथळा, अशी आपल्याकडे समजूत आहे. वास्तविक ती मिळविताना मालकाची, कराराची व एजंटाची माहिती ई-मायग्रेट या शासकीय प्रणालीत नोंदली जाते आणि कामगाराला 'प्रवासी भारतीय विमा योजने'चे संरक्षण घ्यावे लागते. 2 वर्षांसाठी 275 रुपये अथवा 3 वर्षांसाठी 375 रुपये व त्यावरील कर एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांची तरतूद होते. उंच इमारतींच्या बांधकामावर काम करणाऱ्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

आता खरी मेख येथे आहे. ही मंजुरी केवळ नोकरीसाठी जाणाऱ्यालाच लागते. पर्यटनाच्या वा भेटीच्या व्हिसावर परतीच्या तिकिटासह जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टधारकाला ती लागत नाही. नेमक्या याच फटीतून आडवाटेची माणसे आपला धंदा करतात.

एक उदाहरण

समजण्यासाठी एक कल्पित, परंतु पुष्कळ अंशी नित्याचे उदाहरण घेऊ. नववीपर्यंत शिकलेला, एअर कंडिशनर दुरुस्तीचे काम उत्तम जाणणारा एक तरुण. ओळखीतला एक माणूस त्याला सांगतो, की दुबईत मेकॅनिकची जागा आहे, वेतन 1,800 दिरहॅम, राहणे मोफत, खर्च 1 लाख 20 हजार रुपये. आई सोन्याची पाटली गहाण ठेवते. तीन आठवड्यांत मोबाईलवर व्हिसा येतो. विमानतळावर विचारले तर 'चुलत भावाकडे फिरायला चाललो आहे, असे सांग' अशी सूचना असते. परतीचे तिकीटही हातात दिले जाते. 'तिकडे पोहोचल्यावर व्हिसा बदलून देतील,' असे आश्वासन मिळते.

या कहाणीत धोक्याच्या खुणा कोठे आहेत ते पाहू. पहिली खूण व्हिसाच्या कागदावरच आहे. त्यावर प्रकार पर्यटनाचा आहे आणि प्रायोजक म्हणून एका प्रवासी कंपनीचे नाव आहे. नोकरीचा व्हिसा असता, तर प्रायोजक म्हणून नोकरी देणारी कंपनी आणि हुद्दा दिसला असता. दुसरी खूण ऑफर लेटरची. हाती केवळ मोबाईलवरील संदेश आहे, मंत्रालयाच्या नमुन्यातील, क्रमांक असलेला प्रस्ताव नाही. तिसरी खूण पैशांची. आपल्या देशात नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर घेता येतो आणि त्याची पावती द्यावी लागते. 18 टक्के कर धरला तर ही रक्कम 35,400 रुपये होते. 1 लाख 20 हजार रुपये रोख व पावती नाही, याचा अर्थ स्पष्ट आहे. चौथी खूण सर्वांत ठळक आहे: विमानतळावर खोटे बोलण्याची सूचना. ज्याची नोकरी खरी आहे, त्याला ती लपविण्याची गरज नसते.

समजा तो गेला आणि त्याला काम मिळालेही. व्हिसा 60 दिवसांचा होता. 'बदलून देऊ' असे सांगत मालकाने चार महिने, म्हणजे 120 दिवस, काढले. वरचे 60 दिवस त्याचे वास्तव्य बेकायदा ठरले. मुदतीबाहेरील वास्तव्याचा दंड दररोज 50 दिरहॅम आहे, म्हणजे 3,000 दिरहॅम. ठरलेल्या 1,800 च्या हिशेबाने दीड महिन्याहून अधिक वेतन केवळ दंडातच जाते. शिवाय परवान्याविना काम केल्याबद्दल कारवाई व मायदेशी परत पाठवणी यांची टांगती तलवार असतेच.

परंतु दंडापेक्षा मोठा तोटा निराळा आहे. अमिरातीत 2009 पासून वेतन संरक्षण प्रणाली अमलात आहे. नोंदणीकृत कामगाराचे वेतन बँकेद्वारे दिले जाते व ते दिले की नाही हे मंत्रालयाला कळते. आपल्या या तरुणाचे नाव त्या नोंदीत नाहीच. मालकाने दोन महिन्यांचा पगार बुडविला, तर तो या मालकाकडे काम करत होता हेच आधी सिद्ध करावे लागेल, आणि ते सिद्ध करताना आपण परवान्याविना काम केले हेही कबूल करावे लागेल. मचाणावरून पडला, तर भारतातील विमा नाही, कारण तो नोकरीसाठी गेलेला नाही अशीच नोंद आहे. एका कागदाच्या अभावामुळे दोन्ही देशांतील सर्व संरक्षणे एकाच वेळी गळून पडतात.

भेटीच्या व्हिसावर गेलेल्या प्रत्येकाची अशीच गत होते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथे जाऊन मुलाखती देणे, प्रस्ताव मिळाल्यावर मालकाने परवाना काढणे आणि देशाबाहेर न जाता व्हिसाचा प्रकार बदलून घेणे, हा मार्ग अमिरातीच्या नियमांत आहे आणि अनेक सुशिक्षितांनी तो अवलंबिला आहे. दोहोंतील सीमारेषा एकच आहे: कामाला आरंभ परवान्यानंतर झाला की परवान्यापूर्वी? 2024 मध्ये अमिरातीने कायद्यात दुरुस्ती करून परवान्याविना कामावर ठेवणाऱ्या मालकाचा दंड 1 लाख ते 10 लाख दिरहॅम इतका वाढविला. म्हणून आज चांगली कंपनी भेटीच्या व्हिसावरील माणसाला 'उद्यापासून कामाला ये' असे म्हणण्यास धजत नाही. जी म्हणते, तिच्यापासून दूर राहणेच हिताचे.

नोकरी सुटली तर

परवाना मालकाशी बांधलेला असल्याचा खरा अर्थ नोकरी सुटते तेव्हा कळतो. प्रथम कामाचा परवाना रद्द होतो, मग निवासाचा. त्यानंतर वर्गानुसार ठरावीक सवलतीचे दिवस मिळतात. तेवढ्यात नवा मालक व नवा परवाना मिळवावा किंवा देश सोडावा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांचा आहे आणि निवासपत्रावर अजून वर्ष शिल्लक आहे, म्हणून राहता येईल, हा समज चुकीचा आहे. उलट, भांडण झाले म्हणून न सांगता काम सोडून निघून जाणेही धोक्याचे आहे. सलग सात दिवसांहून अधिक काळ गैरहजर राहिल्यास मालक तशी तक्रार मंत्रालयाकडे नोंदवू शकतो आणि मग नवा परवाना मिळणे कठीण होते. वेतन थकले असेल तर काम टाकण्यापूर्वी मंत्रालयाकडे तक्रार नोंदविणे, हाच शहाणपणाचा क्रम होय.

गोव्याचा अपवाद आणि त्यातील धडा

या विवेचनावर गोव्यातील वाचक म्हणतील, 'आमच्याकडील कित्येकांना तर केवळ पासपोर्टवरच युरोपात काम मिळते.' ते खरे आहे, पण तो पासपोर्ट पोर्तुगालचा असतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येत आला आहे. युरोपीय संघाच्या नागरिकाला संघातील कोणत्याही सदस्य देशात काम करण्याचा हक्क असल्यामुळे अशा व्यक्तीला वेगळा परवाना लागत नाही. मात्र दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. शिवाय हा हक्कही त्या त्या देशांतील करारावर अवलंबून असतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि 31 डिसेंबर 2020 नंतर नव्याने तेथे जाणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टधारकालाही नोकरीसाठी व्हिसा घेणे भाग पडले. त्यापूर्वी तेथे स्थायिक झालेले वाचले ते वेगळ्या योजनेखाली केलेल्या अर्जामुळे. पासपोर्ट तोच, पण त्यावर काय करता येते ते एका दिवसात पालटले.

निघण्यापूर्वी

अमिरातीस निघणाऱ्याने तिकीट काढण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः पडताळून पाहाव्यात. एजंट नोंदणीकृत आहे का, हे emigrate.gov.in या संकेतस्थळावर पाहता येते. ऑफर लेटर खरे आहे का, हे त्यावरील क्रमांकावरून mohre.gov.ae येथे तपासता येते. व्हिसा खरा आहे का आणि कोणत्या प्रकारचा आहे, हे icp.gov.ae येथे किंवा दुबईचा असल्यास तेथील इमिग्रेशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर कळते. घरात कोणाला हे जमत नसेल, तर शेजारच्या महाविद्यालयीन मुलामुलींना अर्ध्या तासात करून देता येईल असे ते काम आहे.

याखेरीज पासपोर्ट, व्हिसा, ऑफर लेटर आणि पैशांच्या पावत्या यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. तिकडे पासपोर्ट अडकवून ठेवल्यास अथवा वेतन बुडविल्यास मंत्रालयाबरोबरच भारतीय वकिलातीकडे आणि madad.gov.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. ती घरच्या माणसांनाही येथून करता येते. तेव्हा हाताशी असलेले हे कागदच उपयोगी पडतात.

आणि यापुढे कोणी 'व्हिसा आला' असे आनंदाने सांगितले, तर अभिनंदन करण्याआधी दोन साधे प्रश्न विचारावेत: प्रायोजक म्हणून त्यावर कोणाचे नाव आहे, आणि हुद्दा कोणता लिहिला आहे? या दोहोंची उत्तरे कागदावर दिसत नसतील, तर पाटली अजून गहाण ठेवू नये.